जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? ‘रेंज किती देते?’ एवढंच विचारून थांबू नका

माझा भाचा नागपुरात जुनी इलेक्ट्रिक कार शोधत होता. एकाच मॉडेलच्या, चार-चार वर्षांच्या दोन गाड्या त्याला पसंत पडल्या. बॅटरी दोन्हींची 30 युनिटची, म्हणजे 30 किलोवॅट-अवरची. एक फक्त 19 हजार किलोमीटर चाललेली, दुसरी 61 हजार. पहिलीची किंमत अर्थातच जास्त. तो मला फोनवर म्हणाला, “मामा, 19 हजारवाली जवळपास नवीच आहे, टोकन देऊन टाकू का?” मी म्हटलं, एक रविवार थांब, मी येतो.

त्या रविवारी जे दिसलं ते सविस्तर लिहितोय, कारण रोज कुणीतरी इनबॉक्समध्ये हाच प्रश्न विचारतं. आणि बहुतेकांनी विक्रेत्याला विचारलेलं असतं फक्त “रेंज किती देते?”

या प्रश्नाला काही अर्थ नाही. समोरच्या स्क्रीनवर दिसणारे किलोमीटर हा गाडीचा अंदाज असतो. शेवटचे काही दिवस गाडी कशी चालवली, त्यावर तो ठरतो. दोन दिवस रिंग रोडवर 40 च्या वेगाने, एसी बंद ठेवून फिरवली की थकलेली बॅटरीसुद्धा स्क्रीनवर सुंदर आकडा दाखवते. 19 हजारवाल्या गाडीच्या एजंटने आम्हाला तोच फोटो पाठवला होता. सोबत आणखी एक स्क्रीनशॉट होता, ‘एसओएच 96 टक्के’. एसओएच म्हणजे बॅटरीचं आरोग्य: नवी असताना जेवढी वीज साठायची, त्यातली आज किती साठते. पण हा आकडा कुणी मोजलेला नसतो. बॅटरीवर देखरेख करणारी बीएमएस तो हिशोबाने काढते. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, पूर्ण भरून-रिकामी झालीच नसेल, तर तिचा हिशोब चुकतो. त्यामुळे तो आकडा बघावा जरूर, पण त्यावर पैसे मोजू नयेत.

मग मोजायचं कसं? सोपं आहे. टाकीत पेट्रोल किती मावतं हे कळायला जे करू, तेच. रिकामी करा आणि भरताना मोजा.

दोन्ही मालकांना आदल्या रात्री घरच्या स्लो चार्जरवर गाडी 100 टक्के भरून ठेवायला सांगितली. हे गरजेचं आहे. एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे गाडीला आपण किती भरलोय हे नीट कळत नाही. पूर्ण भरल्यावर तो काटा जागेवर येतो. दुसऱ्या दिवशी गाडी वर्धा रोडला काढली. एसी नेहमीसारखा, वेग 60-70. चार्जिंग 15 टक्क्यांवर येईपर्यंत चालवायची, मग फास्ट चार्जरला लावून 85 पर्यंत भरायची. चार्जिंग चालू असताना एसी बंद.

61 हजारवाली 148 किलोमीटरला 15 वर आली. 19 हजारवाली 121 लाच आली, आणि कशी आली ते बघण्यासारखं होतं. 28 टक्क्यांपर्यंत सगळं ठीक. पुढच्या चार किलोमीटरमध्ये आकडा धपकन 19 वर. भाचा गाडी चालवत होता, त्याने माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. माझ्याकडे ओबीडी डाँगल होतं, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र. त्यावर या गाडीच्या सेलचे व्होल्टेज दिसतात. उभी असताना सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमध्ये 0.04 व्होल्टचा फरक. ॲक्सिलरेटर दाबला की तोच 0.21. म्हणजे एखादा सेल कमजोर आहे, आणि सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने तो संपला की अख्खा पॅक संपला. बाकीच्या सेलमध्ये वीज उरली तरी ती वापरता येत नाही.

आता चार्जिंगचं बिल. 15 ते 85 म्हणजे 70 टक्के. नव्या 30 युनिटच्या बॅटरीत त्यासाठी 21 युनिट जायला हवेत. फास्ट चार्जरच्या बिलातले साधारण पाच टक्के उष्णता आणि गाडीच्या स्वतःच्या खर्चात गेले असं मी धरतो. (घरच्या स्लो चार्जिंगला मीटरवर मोजलंत तर दहा-बारा टक्के धरा.)

61 हजारवालीचं बिल 20.4 युनिट. पाच टक्के वजा केले की 19.4. त्याला 0.7 ने भागलं की पूर्ण बॅटरी 27.7 युनिटची निघते, म्हणजे नव्याच्या 92 टक्के. 19 हजारवालीचं बिल 17.5. तोच हिशोब केला तर 23.7 युनिट, म्हणजे 79 टक्के. एजंटचे 96 कुठे आणि हे 79 कुठे!

या पद्धतीत चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात. शिवाय कंपनीने सांगितलेल्या क्षमतेतला थोडा भाग राखीव ठेवलेला असू शकतो. म्हणून 92 की 89 यावर वाद घालू नका. पण 92 आणि 79 मधला फरक खराच असतो.

कमी चाललेली गाडी जास्त थकलेली कशी? मालकाची बदली झाली होती. गाडी दोन वर्षं उघड्या प्लॉटवर उभी. वॉचमन महिन्यातून एकदा पूर्ण भरायचा आणि ती तशीच भरलेली उन्हात राहायची. नागपूरचा मे महिना! पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता, ही जोडी न चालवतासुद्धा सेल झिजवते. दुसरी गाडी रोज बुटीबोरी एमआयडीसीला जाऊन-येऊन 60 किलोमीटर चालायची, रात्री पार्किंगच्या सावलीत स्लो चार्ज व्हायची. म्हणून माझ्या मते किलोमीटरच्या आधी विचारायचं ते हे: गाडी उभी कुठे असायची, किती भरून उभी असायची आणि चार्ज कुठे व्हायची. खरा वापरणारा पटकन सांगतो, बहुतेकदा चार्जिंग ॲपची जुनी बिलंही दाखवतो.

“पण मामा, आठ वर्षांची वॉरंटी आहे ना?” भाच्याचा पुढचा प्रश्न. आहे. पण क्षमता कमी झाल्याबद्दलची वॉरंटी बऱ्याच कंपन्यांकडे 70 टक्क्यांच्या खाली गेल्यावर लागू होते. काही कागदांत तर आकडाच नसतो, फक्त ‘दोष’ असा शब्द असतो. म्हणजे 79 ही सगळ्यात अडचणीची जागा. रेंज गेलेली, आणि क्लेम मात्र बसत नाही. कमजोर सेल हा दोष म्हणून मान्य झाला तर गोष्ट वेगळी, पण ते मालकाने विकण्याआधी सर्व्हिस सेंटरला जाऊन करून घ्यावं. आम्ही त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “आत्ता वेळ नाही.” आम्ही गाडी सोडली.

61 हजारवालीचं काम तिथेच संपलं नाही. तिला लिफ्टवर चढवून खालून बघितली. बॅटरीचं कव्हर स्पीडब्रेकरला घासून चेपलं असेल, कडेच्या बोल्टवर गंज किंवा चिखलाची रेघ असेल, तर पुराचा किंवा अपघाताचा संशय घ्यावा. अशा नुकसानीला वॉरंटी बहुधा नाकारली जाते. इथे साधे ओरखडे होते. विम्याचे जुने क्लेमही मागून बघितले.

शेवटी सर्व्हिस सेंटरला तीन गोष्टी लेखी विचारल्या. या चासी नंबरवर बॅटरीची वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत आहे, दुसऱ्या मालकाच्या नावावर ती तशीच चालू राहते का, आणि पॅक किंवा मॉड्यूल कधी बदललंय का. उत्तर यायला चार दिवस लागले. मालक फोन करत होते, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणून. भाचा थांबला. ईमेल आला, वॉरंटी पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षं आणि हस्तांतरित होते असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यानंतरच त्याने टोकन दिलं.