आमच्याकडे रोज 1 जानेवारी

पासवर्ड मी तीन वेळा बदलला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी अक्कल कुठे होती असं बायको अजून विचारते, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

रविवार, 22 जून. कोल्हापूरच्या मेहुण्याशी रात्री साडेआठला ऑनलाइन फुटबॉल खेळायचं ठरलं होतं. दोन वर्षं माळ्यावर पडलेला गेमिंग कन्सोल मी दहा दिवस आधी खाली काढला, पुसला, टीव्हीला जोडला. आई त्याला खेळाचा डबा म्हणते. आता मीही म्हणतो, कारण त्याहून जास्त मान द्यायची माझी इच्छा उरलेली नाही. मधल्या रविवारी तो नीट चालला होता. ऐन सामन्याच्या वेळी साइन-इन करायला गेलो तर पडद्यावर म्हणे, सुरक्षित कनेक्शन करता आलं नाही, सर्टिफिकेटमध्ये अडचण आहे, नंतर प्रयत्न करा.

नंतर म्हणजे कधी, ते नाही.

मग सगळे विधी झाले. राऊटर बंद करून चालू केला. ब्रॉडबँडवाल्याला फोन लावला. त्याने राऊटर पुन्हा बंद करून चालू करायला लावला. डब्यातली नेटवर्क टेस्ट केली, तर ती एखाद्या हुशार मुलासारखी पास: वायफाय आहे, आयपी पत्ता मिळाला, इंटरनेट आहे. फोनवर त्याच वायफायवर डब्याच्या कंपनीची साइट झकास उघडत होती. म्हणजे चूक पासवर्डची, असा मी निष्कर्ष काढला आणि तो फोनवरून बदलला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यामुळे बायकोच्या टॅबवर त्याच खात्याने जे काही सुरू होतं तेही बंद पडलं, आणि घरात एकाऐवजी दोन माणसं साइन-इनच्या बाहेर बसली.

खरी गंमत, जी मला नंतर कळली, ती अशी की माझा पासवर्ड त्या रात्री डब्याबाहेर पडलाच नव्हता. पासवर्ड पाठवण्याआधी डबा समोरच्या सर्व्हरला विचारतो, तू खरंच तोच आहेस का, दाखव सर्टिफिकेट. ते पटलं तर पुढचं बोलणं. इथे बोलणं पहिल्याच वाक्यावर तुटलं होतं. म्हणजे मी दारात जायच्या आधीच परतत होतो, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन शर्ट बदलत होतो.

अशा वेळी खालच्या मजल्यावरचे अण्णा आले. ते मिठाला आले होते की साखरेला, ते राहूनच गेलं. अण्णा जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेत. निवृत्तिवेतनाच्या टेबलावर त्यांनी हयात घालवली आणि दुसऱ्यांच्या हयातीचे दाखले तपासले. पडद्यावरचा ‘सर्टिफिकेट’ हा शब्द वाचताच त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून घेतली.

“दाखल्याचं काय झालं?”

“काही नाही अण्णा, हे वेगळं सर्टिफिकेट.”

“दाखला तो दाखला. कुणाचा आहे?”

“सर्व्हरचा.”

“तो हयात आहे का?”

“आहे ना. फोनवर दिसतोय की.”

“दिसून उपयोग नाही. कागदावर असायला हवा. सही कुणाची?”

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं: अशी सर्टिफिकेटं देणाऱ्या काही संस्था असतात, आणि त्यातल्या कुणावर विश्वास ठेवायचा याची यादी डब्यात आधीपासून भरलेली असते.

“म्हणजे राजपत्रित अधिकारी,” अण्णा म्हणाले. “आणि तुझ्याकडे त्यांच्या नमुना सह्या. बरोबर पद्धत आहे. मुदत?”

मी चिडूनच फोनवर कंपनीची साइट उघडली, पत्त्याशेजारच्या चिन्हावर बोट ठेवून सर्टिफिकेट काढलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. 12 मे 2025 पासून 10 ऑगस्ट 2025 पर्यंत.

“नव्वद दिवस. फार कमी देतात. आज 22 जून, म्हणजे मुदतीत आहे. मी असतो तर पास केला असता. मग हा का अडवतोय?” असं म्हणत अण्णा उठले आणि टीव्हीपाशी गेले. आमच्याकडे टीव्हीच्या इतक्या जवळ फक्त पाल जाते. वरच्या कोपऱ्यात नाक लावून त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी नकळत सरळ उभा राहिलो.

“हा काय म्हणतोय बघ. 1 जानेवारी 2000. रात्रीचे बारा वाजून एकवीस मिनिटं.”

मी पाहिलं. खरंच होतं.

“मग तुझा डबा बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “त्याच्या टेबलावर आज 2000 साल आहे. समोर दाखला आलाय 2025 च्या मे महिन्यापासूनचा. पुढच्या तारखेचा कागद मी कधी पास केला नाही. एक बाई डिसेंबरची तारीख घातलेला दाखला नोव्हेंबरात घेऊन आल्या होत्या. परत पाठवल्या.”

“अहो, पण त्या जिवंत समोर उभ्या होत्या ना?”

“नोव्हेंबरात होत्या. डिसेंबरात असतील याची हमी कोण देणार?”

यावर मी काय बोलणार. एकीकडे पटत होतं, दुसरीकडे त्या बाईंसाठी वाईट वाटत होतं, आणि तिसरीकडे मेहुण्याचे मेसेज येत होते. ‘दाजी, घाबरला काय?’

माझी तक्रार अण्णांबद्दल नाहीच. त्यांनी निदान कारण सांगून परत पाठवलं असतं. पण हे यंत्र? तारीख मागे गेली की सर्टिफिकेट ‘अजून सुरू व्हायचंय’ असं दिसतं, हे डब्याला आतून नेमकं कळलेलं असतं. तसंच्या तसं सांगायला काय जातं? ‘माझ्या घड्याळात 2000 साल आहे, हे खरं आहे का?’ एवढं एक वाक्य. माझ्या तीन पासवर्डांचे प्राण वाचले असते. आणि हा डबा 2000 साली जन्मालाही आला नव्हता. त्यातल्या सॉफ्टवेअरला आपण कधी तयार झालो ते कळू शकतं, त्याच्या आधीची तारीख खोटी असणार हे उघड आहे. लिनक्सवर चालणारी कित्येक यंत्रं एवढा विचार करतात, घड्याळ फार मागचं दिसलं तर निदान स्वतःच्या जन्मतारखेपर्यंत तरी पुढे सरकवतात. आमचा डबा मात्र स्वतःच्या जन्माआधीच्या थर्टी फर्स्टला जागत बसला होता.

तसे याचे पूर्वज थोर आहेत. 1 मार्च 2010 ला सोनीच्या प्लेस्टेशन 3 च्या जुन्या, जाड मॉडेलांना 2010 हे लीप वर्ष वाटलं. 2010 ला चाराने भाग जात नाही हे चौथीतलं पोर सांगेल, पण त्यांच्या आतल्या घड्याळाला कुणी विचारलं नाही. तारखा मागे कोसळल्या, जगभर लोकांना साइन-इन करता येईना, आणि साधारण एका दिवसात दुखणं आपसूक बरं झालं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “29 फेब्रुवारीचं व्हाउचर आलं होतं का?”

असो. तारीख दुरुस्त करायची होती. सेटिंगमध्ये ‘इंटरनेटवरून वेळ घ्या’ असं बटण होतं. दाबलं. पुन्हा तीच सर्टिफिकेटची अडचण. डबा वेळ विचारायलाही त्याच कंपनीच्या दारात जातो आणि तिथे गेल्यावर आधी दाखला मागतो. वेळ कळायला दाखला पटायला हवा, दाखला पटायला वेळ माहीत हवी. रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला मागणारी खिडकी ज्याने पाहिली आहे, त्याला जास्त समजावायला नको.

शेवटी हाताने भरलं. अण्णा मनगट समोर धरून उभे, मी आकडे घालतोय. 22 जून 2025, रात्री 8:52. सर्टिफिकेटची तक्रार गेली! साइन-इनचा पडदा आला, पासवर्ड घातला, क्षणभर गोल फिरलं, आणि नवा संदेश: तुमचं सत्र संपलं आहे, पुन्हा साइन-इन करा. पुन्हा केलं. पुन्हा संपलं.

यावेळी पासवर्डला हात लावला नाही, एवढा शहाणा झालो होतो. घड्याळाच्या खाली बारीक अक्षरात टाइम झोन होता, ग्रीनविच. तारीख उडाली तेव्हा तोही उडाला होता. पडद्यावर आपले आठ बावन्न दिसत होते, पण डब्याच्या समजुतीने ते ग्रीनविचचे आठ बावन्न, म्हणजे खरी वेळ सोडून साडेपाच तास पुढे. सर्टिफिकेटची मुदत महिन्यांत मोजतात, त्याला साडेपाच तासांनी काही फरक पडत नाही. पण साइन-इन झाल्यावर सर्व्हर जी चिठ्ठी देतो, टोकन म्हणतात तिला, तिची मुदत बऱ्याचदा तासाभराची असते. आमच्या डब्याच्या हातात चिठ्ठी पडेपर्यंत ती त्याच्या मते शिळी झालेली. झोन बदलला, वेळ पुन्हा भरली आणि मी आत गेलो. नऊ वाजून वीस मिनिटांनी. सामना 5–0 असा हरलो. त्याचं खापर मी घड्याळावर फोडणार आहे.

सोमवारी संध्याकाळी डबा लावला. 1 जानेवारी 2000.

तेव्हा कुठे मूळ रोग समजला. डब्याच्या पोटात सीआर2032 नावाचा बटणासारखा सेल असतो. 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, 3 व्होल्टचा; नावातले आकडे त्याच्या मापाचेच. भिंतीवरची वीज बंद असताना घड्याळ चालतं ठेवणं एवढंच त्याचं काम. वीज चालू असेल तर डबा झोपेतही घड्याळ सांभाळतो, सेल मेलेला असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मधल्या रविवारी नेमकं तसंच झालं होतं: डबा जोडताना मी तारीख भरली होती, आणि त्या आठवड्यात आई मावशीकडे गेली होती.

कारण आई घरात असली की रात्री साडेदहाला सगळी बटणं बंद करते. “तो लाल दिवा रात्रभर वीज खातो.” पन्नास वर्षांची सवय आहे, मोडणार नाही. मी बटणावर चिकटपट्टी लावून ‘बंद करू नये’ असं लिहिलं. आईने चिकटपट्टी काढून, नीट घडी घालून, टीव्हीवर ठेवली आणि बटण बंद केलं.

सेल चाळीस रुपयांना आणलाय. डबा उघडायला मात्र चांदणीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, तो आमच्याकडे नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने सेल बदलायचे आठशे सांगितले. आठशे! त्यामुळे सध्या अण्णा रोज आठ वाजता येतात, मनगट समोर धरतात, मी तारीख आणि झोन भरतो, ते कोपऱ्यात नाक लावून तपासतात आणि “पास” म्हणतात. हा सोहळा चुकून मेहुण्याला सांगितला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आठ वाजता त्याचा मेसेज येतो. ‘दाजी, नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.’