नुसतं ‘भाग ०१’ लिहून मालिका एकत्र येत नाही

“मालिका करताय ना? प्रत्येक व्हिडिओच्या नावाची सुरुवात ‘भाग ०१’, ‘भाग ०२’ अशी करा. यूट्यूब आपोआप सगळे एकाखाली एक दाखवतं. प्लेलिस्टला काहीही नाव द्या, ती कोण बघतंय? वर वीस-तीस हॅशटॅग टाकले की झालं.”

आमच्या तळकोकणातल्या गटांत हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो, कारण पावसाळ्यात घरात बसून व्हिडिओ करायला वेळ असतो. वेंगुर्ल्याजवळ आंब्याची रोपवाटिका असलेल्या आमच्या एका काकांनी तो अक्षरशः पाळला. हापूसचं कोय कलम कसं करायचं यावर त्यांनी नऊ भाग केले. कोयी रुजत घालणं, तांबूस कोंब ओळखणं, काडी निवडणं, पाचर तासणं, पट्टी बांधणं, सगळं हात जवळून दाखवून. माल खणखणीत होता, पण नावं अशी: ‘भाग ०१ | नमस्कार शेतकरी मित्रांनो’, ‘भाग ०५ | नक्की बघा’.

यूट्यूबचा शोध आधी व्हिडिओ बघतो, मालिका नाही. तुम्ही टाइप केलेले शब्द त्या एका व्हिडिओच्या शीर्षकाशी, वर्णनाशी आणि आतल्या मजकुराशी किती जुळतात, हे तो ताडतो. लोक तो व्हिडिओ किती वेळ बघतात हेही धरतो. जुलैत कोंब तयार आहे आणि हातात चाकू आहे असा कुडाळचा माणूस ‘आंबा कलम कसे बांधायचे’ असं टाइप करणार. ‘भाग ०५’ तो कशाला लिहील? आणि लिहिलंच, तर भाग पाच कीर्तनाचाही असतो, शिवणकामाचाही आणि टीव्हीवरच्या मालिकांचा तर असतोच असतो. शिवाय फोनवर शीर्षक थोडंच दिसतं आणि पुढचं कापलं जातं. काकांच्या नावांतला तो दिसणारा तुकडा सगळा आकडा आणि नमस्कारातच संपत होता.

म्हणून आकडा काढून टाकायचा का? मुळीच नाही. आकड्याचं एक खरं गिऱ्हाईक आहे. तिसरा भाग बघून झाला, मध्ये चार दिवस गेले, आता तो माणूस ‘कोय कलम भाग 4’ असं शोधतो. काकांना फोन आले ते असेच: “चवथो भाग गावना नाय रे!” त्याला आकडा हवा, पण मालिकेच्या नावाला चिकटलेला. म्हणून आधी त्या भागात काय शिकवलंय ते, मग सगळीकडे हुबेहूब एकच असलेलं मालिकेचं नाव, आणि शेवटी आकडा:

```
काडी कशी निवडायची | हापूस कोय कलम भाग 3
पानं आधी कधी छाटायची | हापूस कोय कलम भाग 4
पाचर कशी तासायची | हापूस कोय कलम भाग 5
```

हुबेहूब म्हणजे खरंच हुबेहूब. एकात ‘कोय कलम’, दुसऱ्यात ‘कोयकलम’, तिसऱ्यात ‘एपिसोड’, चौथ्यात ‘पार्ट’ असं झालं की मालिकेचा धागा तुम्हीच तोडलात. ५ लिहायचं की 5, हापूस की हापुस, हे पहिल्या भागाआधी ठरवा. ठरवण्याची सोपी रीत म्हणजे शोधाच्या चौकटीत ‘आंबा कल’ इतकंच टाइप करून खाली कुठल्या सूचना येतात ते बघणं. लोक जे शब्द वापरतात तेच तिथे दिसतात. आपल्याला पुस्तकी ‘अभिवृद्धी’ आवडत असेल, पण शोधणाऱ्याला कलमच बांधायचं असतं.

आता त्या शून्याची गोष्ट, जी मला सगळ्यात मजेशीर वाटते. ‘०१’ लिहिल्याने क्रम लागतो हा समज कॉम्प्युटरच्या फायलींवरून आला असावा. तिथे काही प्रोग्रॅम 1 नंतर 10 लावतात, म्हणून पुढे शून्य देतात. प्लेलिस्ट शीर्षक वाचून क्रम लावत नाही. क्रम तुम्ही हाताने लावता, किंवा प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये निवडता. तिथेच नवीन व्हिडिओ सगळ्यात वर टाकण्याचा पर्याय आहे, आणि काकांचा तो चालू होता. परिणाम असा की प्लेलिस्ट उघडली की आधी नववा भाग: तयार कलम सावलीत कसं ठेवायचं. मग पट्टी, मग पाचर, आणि कोय रुजत घालणं सगळ्यात शेवटी. म्हणजे झाड उलटं वाढवल्यासारखं. पर्याय बंद केला, नऊ व्हिडिओ ओढून जागेवर आणले, काम दहा मिनिटांचं.

प्लेलिस्ट कोणी बघत नाही हा मुद्दा तर उलटाच आहे. शोधात नऊ भाग खरोखर एकत्र दिसण्याची जागा बहुधा तीच. प्लेलिस्ट हा शोधाचा स्वतंत्र निकाल असतो. `Filters` उघडून `Playlist` निवडलंत तर फक्त प्लेलिस्टच येतात. पण त्यासाठी तिचं स्वतःचं नाव नीट हवं, आतल्या व्हिडिओंच्या पुण्याईवर विसंबू नका. काकांच्या प्लेलिस्टचं नाव होतं ‘माझे व्हिडिओ 2’. ते आम्ही बदलून ‘हापूस कोय कलम: कोय रुजवण्यापासून कलम बांधेपर्यंत’ असं केलं. वर्णनात दोन-तीन साधी वाक्यं लिहिली, त्यांत ‘आंब्याचं कलम’ आणि ‘कोयकलम’ हे दुसरे शब्द सहज बसले. शब्दांची नुसती रांग लावू नका, ती स्पॅममध्ये मोडू शकते. आणि प्लेलिस्ट `Public` आहे ना, ते बघा. `Unlisted` राहिली तर नाव कितीही चांगलं असो, ती शोधात येत नाही. हे मी स्वतः एकदा केलेलं आहे.

हॅशटॅगचं थोडक्यात: एका व्हिडिओवर 60 पेक्षा जास्त झाले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं, आणि वीस टाकून मालिका जोडली जात नाही. सगळ्या भागांवर एकच, `#हापूसकोयकलम`, इतका पुरे. टॅगच्या वेगळ्या चौकटीबद्दल यूट्यूबची मदतपानंच सांगतात की तिचा वाटा अगदी कमी. नाव चुकीचं लिहिलं जात असेल तेवढ्यापुरती ती कामाची.

हे सगळं करूनही एक गोष्ट होणार नाही. ‘आंबा कलम’ शोधल्यावर नऊच्या नऊ भाग एकाखाली एक येणार नाहीत. एखादा येईल, बहुधा काडीचा किंवा पाचरीचा. शोधातून उघडलेला तो भाग प्लेलिस्टच्या बाहेर चालतो, त्यामुळे तो संपल्यावर पुढे दुसऱ्याच कोणाचा व्हिडिओ लागू शकतो. म्हणून प्रत्येक वर्णनाच्या पहिल्या ओळीत प्लेलिस्टची लिंक द्या, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना भागाची लिंक `list=` असलेली द्या:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&list=PLAYLIST_ID
```

प्लेलिस्टच्या पर्यायांत अधिकृत मालिका म्हणून खूण करायची सोयही आहे. मात्र एक व्हिडिओ अशा एकाच मालिकेत राहतो, तेव्हा काडीचा भाग ‘काजू कलम’च्या मालिकेतही वापरायचा असेल तर आधी विचार करा.

‘भाग 3/9’ असं मी कधी लिहीत नाही. काकांना ऑगस्टमध्ये आठवलं की कलम बांधल्यावर खुंटाचे कोंब काढायचं सांगायचं राहिलंच. नऊचे दहा झाले. शीर्षकात ‘/9’ असतं तर नऊही नावं परत बदलावी लागली असती. तो भाग गुपचूप दहावा म्हणून शेवटी गेला.

फरक पडला का, हे बघायला अंदाज नको. यूट्यूब स्टुडिओच्या `Analytics` मध्ये लोक कुठून आले ते दिसतं: शोधातून किती, प्लेलिस्टमधून किती. शोधाच्या ओळीवर टिचकी मारली की त्यांनी टाइप केलेले शब्दही येतात. काकांच्या यादीत पहिल्यांदा ‘कोय कलम भाग 4’ दिसलं, तेव्हा त्यांनी तो स्क्रीनशॉट घरच्या गटावर टाकला. खाली त्यांच्या सुनेने लिहिलं, “चवथो गावलो वाटता.”