‘त्याची हळद’ म्हणजे कुणाची?

“‘त्याने त्याला सांगितलं की त्याला उशीर झालाय’ यातला ‘तो’ कोण, ही अडचण इंग्रजीवाल्यांची. मराठीत लिंग आहे, ‘आपण’ आहे, आणि नसेल कळत तर जवळचं नाम बघावं. मराठी वाक्यात घोळ नसतो, वाचणाराच नीट वाचत नाही.”

हा संदेश वाचनात आला. सुरुवात त्याच्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण तो ‘नीट न वाचणारा’ एकदा मीच ठरलो होतो. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेबाला होतो. दोन भाऊ, वाटण्या झालेल्या, दोघांची हळद आमच्याच गोदामात पडलेली. थोरल्याची २२ पोती, धाकट्याची १४. संध्याकाळी फोन आला, तो घेणाऱ्याने सकाळसाठी चिठ्ठी ठेवली : “थोरल्याने धाकट्याला सांगितलंय की त्याची हळद उद्या सौद्याला लावायची.” मी थोरल्याची पोती काढली, हमालांनी थप्पी मोडली, नमुने काढले. दुपारी धाकटा आला आणि विचारायला लागला, माझी हळद का नाही लावली? थोरल्याने त्याला “तुझी लाव, भाव बरा आहे” असं सांगितलं होतं. स्वतःची तो अजून धरून ठेवणार होता.

चिठ्ठी मी तीनदा वाचली होती. ‘सांगितलंय’ या शब्दात मला थोरल्याचा स्वतःबद्दलचा निर्णय दिसला, लिहिणाऱ्याला धाकट्याला दिलेला सल्ला दिसला. व्याकरणाने दोन्ही बरोबर. शिवाय ‘त्याची’ म्हणजे फोनवरच्या बोलण्यात आधी येऊन गेलेल्या तिसऱ्याच कुणाची, हाही अर्थ बसतो. कितीही नीट वाचलं तरी वाक्यात जे नाहीच ते सापडत नाही.

आता लिंग. दोन माणसं वेगवेगळ्या लिंगाची असली की ते खरोखर सोडवतं. “बहिणीने भावाला सांगितलं की तिची हळद लावायची” यात शंका नाही. पण दोन भाऊ, दोन जावा, दोन हमाल असले की लिंगाचा उपयोग शून्य. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘तो’ म्हणत नाहीत. “सरपंचांनी ग्रामसेविकांना सांगितलं की त्यांना उद्या तहसीलला जायचंय.” सरपंच पुरुष, ग्रामसेविका बाई, तरी ‘त्यांना’ म्हटल्याबरोबर लिंग गेलं. आदरार्थी बहुवचन असल्यामुळे एक की अनेक हेही गेलं. म्हणजे सरपंच जाणार, ग्रामसेविका जाणार, की दोघं मिळून? सभेच्या इतिवृत्तात सगळेच ‘त्यांनी’ आणि ‘त्यांना’ असतात, त्यामुळे हा घोळ तिथे फार दाट होतो.

‘आपण’चा दावा अर्धा खरा आहे. एकाच वाक्यात ‘आपला’ कर्त्याला घट्ट धरतो. “थोरल्याने धाकट्याला आपल्या गाडीतून आणलं” म्हटलं की गाडी थोरल्याची. तिथे ‘त्याच्या’ म्हटलं की मराठी कान ती धाकट्याची किंवा तिसऱ्याची धरतो. ही सोय सुंदर आहे आणि ती जरूर वापरावी. पण ‘की’ ओलांडलं की तीच सोय सैल पडते. “थोरल्याने धाकट्याला सांगितलं की आपली हळद उद्या लावायची.” इथे ‘आपली’ म्हणजे थोरल्याची एकट्याची, की दोघा भावांची मिळून? वाटण्या झालेल्या घरात या दोन अर्थांत १४ पोत्यांचा फरक आहे. “आपण उशिरा आलो” या वाक्याचंही तसंच. बोलणारा एकटा असो की समोरच्याला धरून दोघं असोत, क्रियापद ‘आलो’च राहतं.

‘की’नंतर आणखी एक खड्डा आहे, तो त्या संदेशात नाही. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं सहज त्याच्याच शब्दांत सांगतो : “धाकटा म्हणाला की मी उशिरा आलो.” बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं. कागदावर हा ‘मी’ धाकटा असू शकतो आणि लिहिणाराही असू शकतो. जबाब लिहिताना हे फार जपावं लागतं, कारण उशिराची कबुली कुणाच्या नावावर पडते ते त्या एका अक्षरावर ठरतं.

जवळचं नाम बघायचा नियम मात्र सरळ चूक आहे. सर्वनाम कुणाकडे वळतं ते अंतरापेक्षा मुख्य क्रियापद जास्त ठरवतं. “थोरल्याने धाकट्याची माफी मागितली, कारण त्याला उशीर झाला होता.” जवळ धाकटा आहे, पण उशीर थोरल्याला झालाय हे कुणीही सांगेल. “थोरला धाकट्यावर रागावला, कारण त्याला उशीर झाला होता” म्हटलं की उशीर धाकट्याकडे जातो. नामांचा क्रम तोच राहिला, फक्त क्रियापद बदललं. ‘माफी मागणे’, ‘कबूल करणे’ हे कर्त्याकडे ओढतात. ‘रागावणे’, ‘बजावणे’, ‘जाब विचारणे’ समोरच्याकडे. ‘सांगणे’ आणि ‘कळवणे’ कुणाकडेच ओढत नाहीत, म्हणून अशा क्रियापदांशी वाक्य फसतं. ‘तो’ गाळूनही सुटका नाही : “थोरल्याने धाकट्याला सांगितलं की उशीर झालाय” यात सर्वनामच नाही, प्रश्न तसाच.

चिठ्ठी कशी लिहायला हवी होती, ते आता सांगता येतं. पहिली वाट बोललेले शब्द अवतरणात ठेवून मागे ‘असं’ लावायची : “‘तुझी हळद उद्या लाव,’ असं थोरल्याने धाकट्याला सांगितलं.” ‘माझी’ आणि ‘तुझी’ या दोन शब्दांनी सगळा निकाल लागतो, आणि हा मराठीचा जुना, स्वाभाविक घाट आहे. अवतरणचिन्हं मात्र गाळायची नाहीत, नाहीतर वरचा ‘मी’चा खड्डा परत येतो.

शब्द जसेच्या तसे माहीत नसतील तर वाक्य उलटं करावं. “थोरल्याने धाकट्याला सांगितलं की धाकट्याची हळद...” असं नाव पुन्हा घातलं तर कानाला खटकतं, तिसराच कुणी धाकटा आहे असं वाटतं. त्यापेक्षा नाव पुढे आणावं : “धाकट्याची हळद उद्या लावायची, असं त्याला थोरल्याने सांगितलंय.” इथे ‘त्याला’ राहिला तरी चालतो, कारण सांगणारा थोरला त्याच उपवाक्यात कर्ता आहे, तो स्वतः ‘त्याला’ होऊ शकत नाही. इतिवृत्तातही हेच करता येतं : “ग्रामसेविकांनी उद्या तहसीलला जावे, असे सरपंचांनी त्यांना सांगितले.”

तिसरी वाट क्रियापद बदलायची, पण ती तपासून. “उशीर झाल्याचे त्याने कबूल केले” यात शंका राहत नाही. “उशीर झाल्याचे त्याने सांगितले” यात राहते. आणि जे घडलंच नाही ते क्रियापद केवळ स्पष्टतेसाठी घालू नये. माणसाने नुसतं सांगितलं असेल तर ‘कबूल केलं’ लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्या दिवसानंतर मी प्रत्येक चिठ्ठीतल्या ‘त्याची’च्या जागी एकदा एकाचं नाव ठेवून वाचायचो, मग दुसऱ्याचं. दोन्ही वाक्यं चालली, तर पोत्याला हात लावायच्या आधी फोन.