२५० रुपयांत देणगी, आणि पुढच्या वर्षी देणगीदार गायब

'दर देणगी खर्च : २५० रुपये.' देणग्या जमवून देणाऱ्या एजन्सीच्या अहवालात, हिरव्या रंगात, पानभर. त्याखाली लाल रंगात 'मासिक देणगीदार मोहीम : २००० रुपये.' एवढ्या दोन ओळींवर आमच्या विश्वस्तांनी मासिक देणगीची मोहीम बंद करून टाकली. दहा मिनिटंसुद्धा चर्चा नाही. "ताई, अडीचशेत देणगी येतेय, तर दोन हजार कशाला घालवायचे?" असं मलाच विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढचा विषय घेतला. संताप संताप झाला नुसता.

मी एका संस्थेत देणगीदारांची नोंद ठेवते. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलींचं वसतिगृह आहे. मेसचं बिल दर महिन्याला येतं, वॉर्डनचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पैसा मात्र निम्म्याहून जास्त मार्चमध्ये येतो, आणि जून-जुलैत शाळा सुरू होताना वह्या-पुस्तकं, गणवेश, प्रवेश फी असा सगळा खर्च एकदम अंगावर पडतो. म्हणून तर मासिक देणगी सुरू केली होती! हे त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही त्या दोन ओळींपुढे सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता त्या आकड्यांची चिरफाड करू. हिशेब कळावा म्हणून गोल केलेत, पण प्रकार अगदी हाच आहे.

पहिली मोहीम मार्चमधली, फोनवरच्या जाहिरातींची. ३ लाख खर्च, १२०० देणग्या, सरासरी ७०० रुपये, म्हणजे ८ लाख ४० हजार जमा. ३ लाखांना १२००ने भागलं की २५०. दुसरी मोहीम सोसायट्यांमध्ये आणि मॉलमध्ये उभं राहून, लोकांशी बोलून, महिना ५०० रुपयांचे फॉर्म भरून घेण्याची. खर्च तेवढाच, ३ लाख. फॉर्म १५०. भागाकार २०००. झालं, निकाल लागला.

अरे पण भागलं कशाने ते बघा ना! पहिल्या मोहिमेत देणगी म्हणजे एकदा आलेले ७०० रुपये. दुसरीत देणगी म्हणजे एक माणूस, जो महिन्यामागून महिना ५०० देणार आहे. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिताना हात कसा नाही थबकला? बरं, हा अहवाल देणारी हीच एजन्सी आदल्या वर्षी आमच्याकडे रस्त्यावरच्या मोहिमेचं काम मागायला आली होती, तेव्हा तिने काय केलं होतं माहितीये? तेव्हा प्रत्येक मासिक हप्ता वेगळी देणगी म्हणून मोजला होता. त्या पद्धतीने आमच्या याच मोहिमेत वर्षाला सरासरी १०५ माणसं गुणिले १२, म्हणजे १२६० देणग्या होतात, आणि दर देणगी खर्च येतो २३८ रुपये. तीच मोहीम, तेच ३ लाख. एकदा २०००, एकदा २३८! ज्याला जे विकायचं असेल त्याप्रमाणे भाजक बदलायचा, आणि समोरच्यांनी एकदाही 'भागलं कशाने' म्हणून विचारायचं नाही.

मी मासिक मोहिमेची बाजू घेऊन तिचे दोष झाकणार नाही. १५० फॉर्म म्हणजे १५० देणगीदार हेसुद्धा खोटंच आहे, आणि मी ते बैठकीत आधीही सांगितलंय. फॉर्म भरला म्हणजे पैसे आले असं होत नाही. दर महिन्याला खात्यातून पैसे कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, बँकेकडे जातं, तिथे सही जुळत नाही, खाते क्रमांकात चूक निघते, कुणी घरी जाऊन विचार बदलतो. आमच्या १५० पैकी २४ जणांचा पहिला हप्तासुद्धा कधी आला नाही. खरे देणगीदार १२६. म्हणजे माणशी खर्च २००० नाही, जवळजवळ २४०० झाला. वर्ष संपताना त्यातले ८४ चालू होते. गळती मोठी आहे, मान्य. पण सरासरी १०५ माणसांचे वर्षाला ६ लाख ३० हजार आले. दुसऱ्या वर्षी ८४ चे ७० झाले तरी ४ लाख ६२ हजार येतात. आणि जाहिरातवाल्या मोहिमेचं दुसरं वर्ष? १२०० देणग्या मुळात १०५० माणसांच्या होत्या, त्यातली १०५ माणसं परत आली, ७३ हजार ५०० रुपये. दोन वर्षांची बेरीज करा: एकीकडे ९ लाख १३ हजार, दुसरीकडे १० लाख ९२ हजार. तिसऱ्या वर्षी तर तुलनाच उरत नाही. पण अहवाल संपतो ३१ मार्चला. त्यापलीकडे बघायचंच नाही असं ठरवलं, तर २५० रुपयेवाली मोहीमच जिंकणार.

त्या १०५० माणसांतले इतके कमी का परतले, हेही कुणी विचारलं नाही. जाहिरातीत सगळा भर '३१ मार्चच्या आत द्या, ८०जीची सवलत घ्या' यावर होता. मुलींबद्दल दोन ओळी. माणूस कर वाचवायला आला, पावती घेऊन गेला. वर आता १ एप्रिल २०२३पासून नवी करप्रणालीच आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावट मिळत नाही. मग तो परत कशासाठी येईल?

आणि आता टिकावाचा आकडा. याने तर माझं रक्तच उकळलं. स्लाइडवर 'देणगीदार टिकाव : ७२ टक्के'. मी खुर्चीतून उठलेच. ७२? आमच्याकडे? फाइल मागवून घेतली. तर गेल्या वर्षीचे देणगीदार १०५०, या वर्षीचे देणगीदार ७५६, आणि ७५६ भागिले १०५०, म्हणून ७२ टक्के. त्या ७५६ मधले ६५१ पूर्णपणे नवे लोक आहेत हो! त्यांनी आदल्या वर्षी आमचं नावही ऐकलेलं नव्हतं. टिकाव मोजायचा तर गेल्या वर्षीच्या यादीतले किती जण या वर्षीच्या यादीत सापडतात तेवढंच बघायचं असतं. ते १०५. म्हणजे १० टक्के. १० टक्क्यांना ७२ म्हणून विश्वस्तांपुढे ठेवलं, आणि टाळ्या वाजल्या. खोलीभर टाळ्या.

दोन्ही याद्या ताडून बघायला फार काही लागत नाही. नावावर ताडू नका, एकच माणूस यूपीआयवर एका नावाने आणि धनादेशावर दुसऱ्या नावाने असतो. पण फॉर्म १०बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायची देणगीदारांची यादी, भरायला पॅनसारखा ओळख क्रमांक घ्यावाच लागतो ना? दर ३१ मेच्या आत तो भरण्यासाठी मी महिनाभर लोकांना फोन करून पॅन गोळा करते. तोच पॅन दोन्ही वर्षांच्या याद्यांत शोधला की खरा आकडा दुपारच्या चहाच्या आत हातात येतो. पॅन नसेल तिथे मोबाइल नंबर. एवढं करायचे कष्ट घ्यायचे नाहीत आणि वर रंगीत चकत्या काढायच्या.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? मासिक देणगीदार 'सोडून गेला' असं अहवालात लिहितात तेव्हा. त्यातले कितीतरी सोडून गेलेलेच नसतात. ५ तारखेला हप्ता कापायला जातो, पगार ७ ला होतो, खात्यात पैसे नसतात, हप्ता परत येतो. बँक त्या माणसाकडून दंड कापते, ५०० च्या देणगीपायी त्याला भुर्दंड बसतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, आणि मग तो वैतागून मँडेटच रद्द करतो. ऑक्टोबर २०२१मध्ये कार्डावरच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा तर कार्डावर चालणाऱ्या आमच्या मासिक देणग्या एका फटक्यात थांबल्या. नव्याने नोंदणी करा म्हणून सांगायला हवं होतं. अहवालात काय लिहिलं? 'देणगीदारांचा रस कमी झाला.' रस कमी झाला नव्हता, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पैसे जायचे थांबलेत हेच ठाऊक नव्हतं! एक आजी मला फोनवर म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटलं जातायत दर महिन्याला. मग मुलींचं कसं चाललं इतके दिवस?" सांगा, ही बाई सोडून गेलेली म्हणून मोजायची?

परत आलेल्या हप्त्यांची फाइल बँकेकडून दर महिन्याला येते, प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेलं असतं. पैसे कमी, खातं बंद, मँडेट रद्द. 'पैसे कमी'वाल्यांना त्याच आठवड्यात फोन केला आणि तारीख ५ ची १० करून दिली, तर बरेच जण वर्षानुवर्षं राहतात. हे काम मी आणि माझी सहकारी करतो. आणि अहवालात आमचा पगार कुठे दिसतो? 'प्रशासकीय खर्च', कमी करण्याच्या यादीत. एजन्सीच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, पेमेंट गेटवेचं कमिशन, जाहिरातीचा व्हिडिओ काढायला मोजलेले पैसे, यातलं एकही त्या २५० मध्ये धरलेलं नाही. फक्त जाहिरातीला दिलेले ३ लाख धरलेत. मासिक मोहिमेत मात्र उभ्या राहणाऱ्या पोरांचा पगार, प्रवास, टी-शर्ट, सगळं पैपैने धरलंय.

मी पुढच्या बैठकीला कागद घेऊन जाणार आहे. प्रत्येक मोहिमेचा सगळा खर्च, त्यातून आलेली माणसं पॅनने मोजून, आणि तीच माणसं १२ व्या आणि २४ व्या महिन्यात किती उरली, किती पैसे दिले. मासिकवाले वेगळे, एकदाच देणारे वेगळे. मासिकमध्ये मोजणी पहिला हप्ता जमा झाल्यापासून, फॉर्मवर सही झाल्यापासून नाही. थांबलेल्यांपुढे बँकेने दिलेलं कारण. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवलंय की हे वाचून झाल्याशिवाय मोहीम बंद केल्याच्या ठरावावर माझ्याकडून एकही आकडा मिळणार नाही. ते म्हणाले, "एवढं बारीक कोण वाचणार?" मी म्हटलं, ज्यांनी १२६ माणसांच्या विश्वासाचा दहा मिनिटांत निकाल लावला, त्यांनी वाचायचं.