टेलिग्रामवरची एक टिक आणि कझानमधला मुलगा

माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा रशियात कझान येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. गेल्या महिन्यात ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, कारण मुलाने आपल्याला टेलिग्रामवर ब्लॉक केले आहे अशी तिची खात्री झाली होती. त्याचा फोटो दिसेनासा झाला होता, तिच्या संदेशांपुढे दोन दिवस एकच टिक होती, मागच्या आठवड्यातले संभाषण पुसले गेले होते आणि टेलिग्रामवरून कॉलही लागत नव्हता. या चारही गोष्टी खऱ्या होत्या, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. पाव्हेल आणि निकोलाय दुरोव या रशियन भावांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या या ॲपच्या खुणा आपण व्हॉट्सॲपच्या सवयीने वाचतो, आणि त्यातून घराघरांत विनाकारण मने दुखावतात असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत मोठा घोटाळा टिकांचा होतो. व्हॉट्सॲपवर एक टिक बराच काळ तशीच राहिली की समोरचा फोन बंद आहे किंवा आपल्याला ब्लॉक केले आहे, अशी शंका घ्यायला जागा असते, कारण संदेश फोनपर्यंत पोहोचताच तेथे दुसरी टिक उमटते. टेलिग्रामवर मात्र ‘फोनपर्यंत पोहोचला’ असे सांगणारी खूणच नाही. एकाच खात्यात फोन, टॅबलेट आणि संगणक अशी अनेक उपकरणे जोडलेली असू शकतात, म्हणून पहिली टिक फक्त संदेश टेलिग्रामच्या सर्व्हरवर पोहोचल्याचे सांगते आणि दुसरी टिक समोरच्याने ते संभाषण उघडल्यावरच येते. मुलाने परीक्षेच्या गडबडीत आईचे संभाषण उघडले नाही, तर त्याचा फोन चालू असूनही एकच टिक राहणार. ब्लॉक केले असले तरीही एकच टिक राहते, त्यामुळे केवळ तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मग पाहायचे कोठे? नावाखालच्या ओळीत. ज्याने आपली ‘शेवटचे पाहिले’ ही वेळ लपवली आहे, पण जो गेल्या दोन-तीन दिवसांत ॲपवर येऊन गेला आहे, त्याच्या नावाखाली `last seen recently` असे दिसते. ज्याने आपल्याला ब्लॉक केले आहे, त्याच्या नावाखाली नेहमी `last seen a long time ago` असेच दिसते. एखादा माणूस खरोखरच महिनाभराहून अधिक काळ ॲपवर आला नसेल, तरीही हीच ओळ दिसते. म्हणून ही ओळ दिसत असताना तोच माणूस दोघांच्या सामाईक गटात आज लिहीत असेल, तरच ब्लॉकची शंका बळकट होते. मैत्रिणीच्या फोनवर मी पाहिले, तर तेथे `last seen recently` असे होते. ब्लॉकचा प्रश्न तेथेच मिटला.

फोटोचे कारण त्याहून साधे निघाले. तिने नवा क्रमांक घेऊन नवे खाते उघडले होते, मुलाने तो क्रमांक अजून साठवला नव्हता आणि त्याचा फोटो फक्त संपर्कयादीतील लोकांनाच दिसावा अशी त्याची निवड होती. ऑगस्ट २०२५ पासून रशियाच्या नियामकाने टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरील कॉलवर निर्बंध घातले आहेत, त्यामुळे तिकडे कॉल न लागणे हा ब्लॉकचा पुरावा मुळीच नाही.

राहिले नाहीसे झालेले संदेश. मुलाने त्या संभाषणातील संदेश आपोआप पुसले जाण्यासाठी एका आठवड्याचा कालावधी लावून ठेवला होता. सामान्य संभाषणातील ही मोजणी संदेश पाठवल्या क्षणापासून सुरू होते, त्यामुळे न वाचलेला संदेशही मुदत संपताच दोन्हीकडून जातो. ‘सिक्रेट चॅट’ या टेलिग्रामच्या वेगळ्या गुप्त संभाषणात याच्या उलट, समोरच्याच्या पडद्यावर संदेश उघडला, म्हणजे दुसरी टिक आली, की घड्याळ चालू होते. या फरकाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. शिवाय २०१९ पासून दोघांपैकी कोणीही, कितीही जुना आणि समोरच्याने लिहिलेला संदेशसुद्धा दोन्ही बाजूंनी पुसू शकतो, आणि त्या जागी ‘हा संदेश हटवला’ अशी ओळ उरत नाही. गोपनीयतेचा त्यामागील विचार मला मान्य आहे, तरीही दुसऱ्याचे शब्द त्याला न कळवता पुसता यावेत हे मला पटत नाही. निदान एक मूक खूण तरी तेथे राहायला हवी होती.

त्या संध्याकाळी मुलाने आईचा नवा क्रमांक साठवला आणि त्याचा फोटो तिला दिसू लागला. थोड्या वेळाने दुसरी टिकही आली. मागच्या आठवड्याचे संभाषण मात्र परत मिळण्यासारखे नव्हते, म्हणून पुढच्या संदेशांसाठी तिने तो कालावधी त्याच्याकडून बंद करून घेतला.