वळवाच्या पाण्याने फसवलं तर?

«उन्हाळाभर कोरड्या डबक्यात पाऊस पडताच आठवड्यात पोहणारे जीव येतात कुठून?»

आमच्या जांबोटीकडच्या कातळ-सड्यावरच्या डबक्यांत पाठीवर पोहणारे, पाय वर करून वल्हवणारे पारदर्शक जीव दिसतात ना, ते परी-झिंगे. त्यांची अंडी तळच्या सुक्या गाळात वर्षानुवर्षं टिकतात. गंमत म्हणजे भिजली तरी सगळी एकदम फुटत नाहीत. मे महिन्यातल्या वळवाने डबकं भरलं आणि चार दिवसांत आटलं, तर फुटलेली पिल्लं मेली. उरलेली अंडी मृगासाठी शिल्लक. बेडकांकडे अशी शिल्लक नसते. पावसाने ओढ दिली की तिथले बेडूकमासे, पाय फुटण्याआधी पाणी आटलं तर, संपतातच (शाळेत असताना मी ते तांब्यातून विहिरीत सोडायचो!). मात्र डबकं मुरुमाने बुजवलं, की गाळातली ती शिल्लकही गाडली जाते.