तोंडी आकड्यावर कर्ज फेडू नका: माझ्या २,४६० रुपयांची गोष्ट

गृहकर्ज फेडून टाकायचा आनंद मी दोन वेळा साजरा केला. पहिल्या वेळचे पेढे फुकट गेले.

मार्च २०२४. पीएफमधले पैसे हातात आले होते आणि नाशिकच्या फ्लॅटचं कर्ज मुदतीआधीच संपवायचं ठरलं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जायचा, १८,४०० रुपये. १४ मार्चला शाखेत गेलो. खिडकीतल्या मुलीने स्क्रीनकडे बघून सांगितलं, "काका, सहा लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे दहा." वर विचारलं, "दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करताय का?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला. मी आकडा पासबुकच्या मागे लिहून घेतला, १८ तारखेला तेवढ्याच रकमेचा चेक कर्ज खात्यात भरला आणि घरी येताना पेढे घेतले. चेक वटला २० तारखेला.

५ एप्रिलला सकाळी मेसेज आला: बचत खात्यातून १८,४०० वजा.

आता त्या मुलीने चूक सांगितली का? नाही. तिने सांगितलं ते शिल्लक मुद्दल होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. पण व्याज रोज चढतं. माझा दर होता ८.७५ टक्के. ६,८४,२१० ला ८.७५ टक्क्यांनी गुणून ३६५ ने भागा, रोजचे १६४ रुपये होतात. ५ मार्चच्या हप्त्यापासून चेक वटल्याच्या २० मार्चपर्यंत १५ दिवस, म्हणजे २,४६० रुपये. मी भरलेल्या पैशांतून सगळं वजा होऊनही कर्ज खात्यावर तेवढी बाकी उरली. खातं चालू राहिलं. खातं चालू म्हणून हप्ता आपोआप वळता करायचा मॅन्डेटही चालू, आणि मॅन्डेटला काय कळणार की आता फक्त अडीच हजार राहिलेत? त्याने नेहमीसारखा पूर्ण हप्ता ओढला. २,४६० वर ५ एप्रिलपर्यंत चढलेलं ९ रुपये व्याज धरूनही बँकेकडे माझेच १५,९३१ रुपये जादा जाऊन बसले. ते परत मिळवायला अर्ज, मग त्या अर्जाचं काय झालं हे विचारायला दोन चकरा.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. कर्ज बंद करताना बँकेकडे 'किती बाकी आहे' असं विचारायचंच नाही. लेखी मागायचं: अमुक क्रमांकाचं कर्ज खातं अमुक तारखेला बंद करायचं आहे, त्या तारखेपर्यंतचं व्याज धरून फोरक्लोजर स्टेटमेंट द्या. तारीख नसलेल्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी खोटा ठरतो. (फोरक्लोजर म्हटलं की काही जण दचकतात. अमेरिकेतल्या बातम्यांमध्ये तो घरजप्तीचा शब्द आहे. आपल्याकडच्या बँकांच्या भाषेत मुदतीआधी कर्ज फेडून खातं बंद करणं, एवढाच अर्थ.)

मार्चमध्ये मी द्यायला हवा होता तो अर्ज असा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक.
विषय: गृहकर्ज खाते क्र. (पूर्ण क्रमांक) मुदतीपूर्वी बंद करणे.
महोदय, वरील खाते माझ्या व माझ्या पत्नीच्या (सहकर्जदार) नावे आहे. हप्ता आमच्या बचत खाते क्र. (पूर्ण क्रमांक) मधून दरमहा ५ तारखेस वजा होतो. आम्ही हे कर्ज दि. २० मार्च २०२४ रोजी पूर्ण फेडू इच्छितो. कृपया त्या तारखेपर्यंतचे मुद्दल, व्याज व इतर आकार वेगवेगळे दाखवणारे फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावे. रक्कम एक-दोन दिवस पुढेमागे जमा झाल्यास लागू होणारे रोजचे व्याजही त्यात नमूद करावे. याच तारणावर आमच्या नावे दुसरे कोणतेही कर्ज खाते असल्यास त्याचा क्रमांक व बाकी कळवावी. रक्कम जमा झाल्यावर बेबाकी दाखला आणि मूळ कागदपत्रे मिळावीत. जादा रक्कम गेल्यास वरील बचत खात्यात परत करावी."

खाली दोघांच्या सह्या, तारीख, मोबाइल नंबर. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यायची. माझे नंतरचे अर्ज मी मराठीतच लिहिले, आकडे इंग्रजी अंकांत. कुणी हरकत घेतली नाही.

२० तारीख उगाच घेतलेली नाही. पाचला गेलेला हप्ता खरंच जमा झाला की परत फिरला हे कळायला दोन-तीन दिवस जातात, आणि पुढचा हप्ता ओढायची फाइल महिनाअखेरीच्या सुमारास तयार व्हायला लागते. या दोन्हींच्या मधली तारीख निवडली की हिशेब स्वच्छ राहतो. आणि चेक नको. चेक ज्या दिवशी भरला तो दिवस धरला जात नाही, वटला तो धरला जातो. आरटीजीएसने त्याच दिवशी पैसे पोचतात. मॅन्डेट मात्र आधीच बंद करू नका. बंद करून ठेवला आणि कर्ज काही कारणाने त्या महिन्यात संपलं नाही, तर हप्ता चुकल्याची नोंद तुमच्या नावावर. दाखला हातात आल्यावर रद्द करा.

स्टेटमेंट हातात आलं की एक ओळ शोधायची: मुदतपूर्व फेडीचा आकार. तरत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज असेल तर बँकांना हा दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला. स्थिर दराचं कर्ज असेल तर तुमचा करार बघावा लागेल. माझ्याकडून हा आकार घेतला गेला नाही, तेवढं एक सरळ झालं.

अर्जात 'याच तारणावर दुसरं खातं' हे वाक्य घातलंय ते माझ्या एका मित्रामुळे. त्याने कर्ज नीट फेडलं, दाखला घेतला आणि कागद घ्यायला गेला तर कळलं की पाच वर्षांपूर्वी घेतलेलं टॉपअप कर्ज वेगळ्या क्रमांकाच्या खात्यात आहे आणि फ्लॅट त्यालाही तारण आहे. दाखला खरा होता, पण एकाच खात्याचा. कागद मिळाले नाहीत.

आता दाखल्याकडे येतो, कारण माझी दुसरी फजिती तिथे झाली.

५ एप्रिलच्या हप्त्याने माझं कर्ज आपोआपच संपलं होतं. मी २२ तारखेला बेबाकी दाखला घेतला. त्यावर माझं नाव आणि "आजच्या तारखेस आपणाकडे कोणतीही बाकी नाही" एवढंच. खाते क्रमांक नाही, बायकोचं नाव नाही, कर्ज कधी फिटलं ते नाही. मी आपला खुशीत तो सोसायटीत दिला, कारण सोसायटीच्या नोंदीत आमच्या शेअर्सवर बँकेचा बोजा होता. आमचे सेक्रेटरी निवृत्त तहसील कर्मचारी. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "साहेब, हा कुठल्या कर्जाचा? तुमच्या गाडीचा पण असू शकेल की." राग आला, पण त्यांचं खरं होतं. आमचा फ्लॅट दोघांच्या नावे, कर्ज दोघांच्या नावे, दाखला एकाच्या नावे.

पुन्हा शाखेत. या वेळी नीट लिहून दिलं काय हवं ते: कर्ज खात्याचा पूर्ण क्रमांक, दोघांची नावं, फ्लॅटचा पत्ता, कर्ज पूर्ण फिटल्याची तारीख, शिल्लक शून्य, खातं बंद, आणि बँकेचा मिळकतीवर कोणताही बोजा राहिलेला नाही. शेवटची ओळ सोसायटीला लागते.

कर्ज फिटल्याच्या तारखेवर तिथला अधिकारी जरा घुटमळला. "आजची तारीख टाकतो ना, काय फरक पडतो?" म्हणाला. फरक पडतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजाही काढून घ्यायचा. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद बँकेकडून हरवले तर नकला मिळवायला मदत आणि त्याचा खर्चही बँकेचाच, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. म्हणजे ते तीस दिवस मोजायला सुरुवात ५ एप्रिलपासून होते, दाखला टाइप केला त्या २२ एप्रिलपासून नाही. मधले सतरा दिवस मी का सोडावेत? त्याला हे परिपत्रक माहीत होतं. हसला आणि तारीख बदलली.

हा सगळा प्रकार कुणी फसवल्याचा आहे असं मला वाटत नाही. पण बँकेला हप्ता एक दिवस उशिरा गेलेला बरोबर कळतो, त्या दिवशीच फोन येतो. मग तारखेसकट आकडा आणि क्रमांकासकट दाखला न मागता का मिळू नये? हे मागायचं असतं हे माहीत असलेल्यालाच ते मिळतं, ही माझी तक्रार आहे. मला व्यवस्थित मराठी लिहिता येतं, वेळही आहे. शाखेत माझ्या बाजूला उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्या दादांनी दाखल्याची घडी खिशात घातली होती, उघडूनही पाहिली नव्हती.

कागद ३ मे रोजी मिळाले, मुदतीला दोन दिवस राखून. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी मी जपून ठेवली होती, ती समोर ठेवून एकेक तपासलं: नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, नोंदणीची पावती, शेअर सर्टिफिकेट. पावती नव्हती. सही करण्याआधी तसं सांगितल्यावर ती दुसऱ्या पाकिटात सापडली. सही करून घरी गेलो असतो तर ती मिळाली असती का, कोण जाणे.

सिबिलमध्ये खातं 'बंद' दिसायला आणखी काही आठवडे गेले. सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली माझ्या फ्लॅटची नोंद बँकेने मिटवली का, तेही बघून घेतलं. आणि कुणाचं अडलंच, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे तुमच्याकडे पोच मागतील. ती शिक्क्याची प्रत, तीच.

जादा गेलेले १५,९३१ मे महिन्याच्या शेवटी आले. दुसऱ्या वेळचे पेढे त्यातूनच आणले. पहिला बॉक्स सेक्रेटरींना दिला.